सोलापूरची तार आणि ड्रूडचे अधुरे सूत्र

१/ ३१ डिसेंबर २०१३. रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. अशा वाहिन्यांच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात, मधोमध पोलादी गाभा असतो. आजचा थ्रेड या ॲल्युमिनियमविषयी, आणि ते तापले की काय घडते याविषयी.

२/ समजा, २० अंश सेल्सिअसची तार सोलापूरच्या मे महिन्यात, ऊन आणि स्वतःतून वाहणारा प्रवाह यांमुळे ७५ अंशांपर्यंत तापली. ॲल्युमिनियमचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे ५५ अंशांत २२ टक्के. प्रवाह तोच ठेवला, तर उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीजही २२ टक्क्यांनी वाढते. हा २२ चा आकडा लक्षात ठेवा.

३/ १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. तीनच वर्षांनी, १९०० मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ पॉल ड्रूड यांनी धातूचे एक चित्र मांडले. भांड्यात कोंडलेल्या वायूप्रमाणे धातूत मोकळे इलेक्ट्रॉन भिरभिरत असतात. विद्युतदाबाने ते पुढे ढकलले जातात आणि अणूंवर आदळून दिशा गमावतात.

४/ दोन टकरींमधला सरासरी काळ म्हणजे शिथिलन-काल, τ. त्यावरून रोधकतेचे सूत्र निघते:

ρ = m / (n e² τ)

m हे इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, e त्याचा प्रभार, n म्हणजे एक घनमीटर धातूतील मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या. ॲल्युमिनियमची मापलेली रोधकता यात घातली, की २० अंशांना τ येतो सुमारे ७.४ × १०⁻¹⁵ सेकंद.

५/ वायूच्या नियमाने या तापमानाला इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ११५ किलोमीटर. त्याला τ ने गुणले, तर दोन टकरींमधले अंतर भरते जेमतेम तीन अणूंएवढे. इलेक्ट्रॉन अणूंवर आदळतात ही कल्पना पटावी, असाच हा आकडा होता.

६/ परंतु तापमानाने हे चित्र उघडे पाडले. अणू जागच्या जागी असतील, तर टकरींमधले अंतर बदलत नाही. वायूच्या कणांचा वेग मात्र निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणजे रोधही √T प्रमाणे वाढायला हवा. आपल्या तारेसाठी (२९३ ते ३४८ केल्विन) ही वाढ होते फक्त ९ टक्के. प्रत्यक्षात २२!

७/ पहिली दुरुस्ती आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९२७-२८ मध्ये केली. इलेक्ट्रॉन नव्या क्वांटम नियमांनी चालतात. प्रवाह वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग तापमानावर जवळजवळ अवलंबून नसतो. ॲल्युमिनियममध्ये तो सेकंदाला सुमारे २,००० किलोमीटर. ड्रूड यांचे सूत्र टिकले. पण टकरींमधले अंतर आता सुमारे ५० अणूंचे झाले. मग मधले अणू इलेक्ट्रॉनला अडवत का नाहीत?

८/ उत्तर दिले फेलिक्स ब्लॉख या तरुणाने, १९२८ मध्ये, लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या हाताखाली लिहिलेल्या प्रबंधात. इलेक्ट्रॉन ही लहरही आहे, आणि अचूक रांगांत मांडलेल्या स्थिर अणूंमधून ती विनाअडथळा पार होते. तिला विखुरते ती त्या रचनेतील विस्कळीतता. तापलेले अणू कंप पावतात आणि रांगा मोडतात.

९/ येथून सरळ रेषा हाती येते. लहर किती विखुरली जाईल, हे अणूच्या विस्थापनाच्या वर्गावर ठरते. कंपनाची ऊर्जाही त्याच वर्गाच्या प्रमाणात असते, आणि ही ऊर्जा T च्या प्रमाणात वाढते. म्हणून तापमान दुप्पट झाले की τ निम्मा होतो आणि रोधकता दुप्पट. आपल्या तारेसाठी वाढ येते १९ टक्के.

१०/ तरी २२ आणि १९ यांत फरक उरतोच. 'ऊर्जा T च्या प्रमाणात' हा नियम पुरेशा उष्ण धातूलाच लागू पडतो. थंडीत अणूंची वेगवान कंपने क्वांटम नियमांमुळे गोठतात आणि रोध T पेक्षा झपाट्याने उतरतो. त्यामुळे सामान्य तापमानाची रेषा मागे वाढवली, तर ती शून्याला −२७३ अंशांवर न भेटता −२२८ अंशांच्या आसपास भेटते. रेषेचा उतार थोडा अधिक तीव्र असतो, तो यामुळे.

११/ खरा रोध मात्र तेथेही शून्य होत नाही. अशुद्धी आणि रचनेतले दोष कितीही थंडीत लहर विखुरतच राहतात. रोधाचा हा तापमानाने न बदलणारा वाटा ऑगस्टस मॅथीसन यांनी इलेक्ट्रॉन सापडण्याच्या कितीतरी आधी, १८६० च्या दशकात, मिश्रधातूंच्या मोजमापांतून वेगळा काढला होता.

१२/ ड्रूड १९०६ मध्येच वारले. यातली एकही दुरुस्ती त्यांना पाहता आली नाही. सूत्र त्यांचेच राहिले, बदलला तो τ चा अर्थ. रायचूरकडे जाणाऱ्या त्या तारेत इलेक्ट्रॉनला अडवतात ते अणू नव्हेत, तर उन्हाने आणि प्रवाहाने वाढलेली त्यांची थरथर. (समाप्त)