त्र्याऐंशी लाख पटींचा हिशेब

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात डीडीटीचं एक चित्र अनेक वर्षं छापलं जात होतं. खाली पाणी, त्याच्या वर प्राणिप्लवक, मग छोटे मासे, मोठे मासे आणि सगळ्यात वर मासे खाणारे पक्षी. प्रत्येकाशेजारी आकडा दिलेला: पाण्यात 0.003 पीपीबी, प्राणिप्लवकांत 0.04 पीपीएम, छोट्या माशांत 0.5, मोठ्या माशांत 2 आणि पक्ष्यांत 25 पीपीएम. विषशास्त्राच्या आणि परिसंस्थाशास्त्राच्या गृहपाठात जैविक विशालनाचा, म्हणजे बायोमॅग्निफिकेशनचा, पहिला प्रश्न बहुतेक वेळा याच पाच आकड्यांवर असतो. म्हणून या पुस्तिकेत शिरण्याआधी तेच चित्र समोर घेऊन बसू या.

प्रश्न साधा वाटतो: पाण्यापासून पक्ष्यापर्यंत संहती किती पट वाढली? वरच्या आकड्याला खालच्याने भागायचं. पण खाली पीपीबी आहे आणि वर पीपीएम. घाईत 25 ला 0.003 ने भागलं की उत्तर येतं 8,333, आणि ते दिसायला इतकं भारदस्त असतं की कुणालाच संशय येत नाही. पाण्याचा आकडा आधी पीपीएममध्ये आणला की तो होतो 0.000003, आणि भागाकार येतो सुमारे 83 लाख. चूक पकडायची सोपी रीत अशी की प्रत्येक पायरीचा गुणक वेगळा काढायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करून पाहायचा. पाणी ते प्राणिप्लवक 13,333. प्राणिप्लवक ते छोटे मासे साडेबारा. छोटे ते मोठे मासे चार. मोठे मासे ते पक्षी पुन्हा साडेबारा. गुणाकार जुळला नाही तर कुठेतरी एकक घसरलं आहे.

या चार गुणकांकडे जरा थांबून पाहा. खाण्याच्या तिन्ही पायऱ्यांचा गुणाकार 625 भरतो. बाकी सगळी झेप पहिल्या पायरीत आहे, आणि त्या पायरीत कुणी कुणाला खाल्लंच पाहिजे असं नाही. डीडीटीला पाणी नकोसं असतं आणि चरबी हवीशी. प्रयोगशाळेत चरबीच्या जागी ऑक्टेनॉल घेऊन त्याची पाण्याशी तुलना करतात, तेव्हा डीडीटीची संहती ऑक्टेनॉलमध्ये पाण्याच्या दहा लाख पटींहून जास्त भरते. आता प्लवकाच्या ओल्या वजनात एक टक्का चरबी धरली, तर दहा लाखांचा एक टक्का म्हणजे किमान दहा हजार पट डीडीटी त्याच्या अंगात नुसत्या पाण्यातूनच मुरेल. 13,333 याच्या आसपासच आहे. पाण्यातून थेट मुरण्याला जैविक संहतीकरण म्हणतात, अन्नातून वाढण्याला विशालन. उत्तरपत्रिकेत ‘अन्नसाखळीमुळे 83 लाख पट’ असं लिहिणारा विद्यार्थी दोन वेगळ्या प्रक्रिया एकाच खात्यावर टाकत असतो. तो एकटा नाही म्हणा. कितीतरी छापील पुस्तकंही तेच करतात.

या चित्राशी ताडून पाहण्यासारखा खरा अभ्यास म्हणजे जॉर्ज वुडवेल, चार्ल्स वर्स्टर आणि पीटर आयझॅकसन यांनी 1967 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर खाऱ्या पाण्याची एक दलदल आहे, आणि तिथे डासांसाठी वर्षानुवर्षं डीडीटी फवारलेलं होतं. त्यांच्या तक्त्यात पाण्यात 0.00005 पीपीएम, प्लवकांत 0.04, आणि पाणकावळ्यात 26.4 पीपीएम असे आकडे आहेत. भागाकार करून पाहा. पाण्यापासून पाणकावळ्यापर्यंत 5 लाख 28 हजार पट, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या उत्तराच्या सोळाव्या हिश्शाहून किंचित जास्त. मात्र प्लवकापासून पाणकावळ्यापर्यंत 660 पट, आणि पाठ्यपुस्तकात 625. खाण्याच्या पायऱ्यांचं गणित जवळजवळ जुळतं; तफावत आहे ती फक्त पाण्याच्या आकड्यात.

पाणीच का डळमळतं? त्यातलं डीडीटी इतकं थोडं असतं की मोजणी उपकरणाच्या शेवटच्या मर्यादेपाशी येते. शिवाय त्यातलं बरंचसं विरघळलेलं नसून तरंगत्या गाळाला चिकटलेलं असतं. नमुना गाळून घेतला तर एक आकडा येतो, न गाळता घेतला तर मोठा. आणि छेदातला आकडा मोठा झाला की गुणक लहान होतो. म्हणून तुमच्या गृहपाठात एकूण गुणक मागितला असेल तर जरूर द्या, पण अन्नातला गुणक त्याच्याशेजारी वेगळा मांडा आणि पाणी गाळलेलं होतं की नाही ते लिहा.

आता खाण्याच्या पायऱ्यांकडे येऊ. मासा खाल्लेल्या अन्नातला बराच भाग श्वसनात जाळून टाकतो, पण डीडीटी आणि त्यापासून बनणारं डीडीई सहज मोडत नाही, ते मागे उरतं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याहून कमी सांगितली जाते ती आतड्यातली गोष्ट. अन्न पचतं तशी त्यातली चरबी शोषली जाते आणि उरलेला चोथा आकसत जातो. डीडीटी धरून ठेवायला त्यात जागा उरत नाही, त्यामुळे आतड्यातून शरीराकडे जाण्याचा त्याचा रेटा वाढतो. माशाला निदान कल्ल्यांवाटे थोडं विष पाण्यात परत सोडता येतं. पक्षी हवेत श्वास घेतो आणि डीडीटी हवेत सहज उडून जात नाही, त्यामुळे ती वाटही त्याला फारशी उपयोगी नाही. मोठे मासे ते पक्षी हा गुणक छोटे ते मोठे मासे या गुणकाहून मोठा दिसतो, त्यामागे हेही एक कारण.

पण त्या मधल्या चारावर लगेच विश्वास ठेवू नका. समजा छोट्या माशात चरबी दोन टक्के आहे आणि मोठ्या माशात आठ टक्के. 0.5 ला 0.02 ने भागलं की चरबीतली संहती 25 पीपीएम. 2 ला 0.08 ने भागलं की तीही 25. चारचा गुणक एकावर आला, म्हणजे विशालन झालंच नाही, मोठा मासा फक्त जास्त चरबीचा होता. हे टक्के मी मानलेले आहेत, पण माशांच्या जातींत इतका फरक सहज असतो. म्हणून शक्यतो दोन्हीकडे चरबीतली संहती घ्या; निदान एकीकडे चरबी आणि दुसरीकडे भलतंच काही असं तरी करू नका. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचा प्रसिद्ध 80,000 पटींचा आकडा पाहा. तळ्यात डीडीटीचा भाऊबंद असलेलं डीडीडी 0.02 पीपीएमच्या हिशेबाने टाकलं होतं आणि मेलेल्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत ते 1,600 पीपीएम सापडलं. भागाकार बरोबर आहे, पण वर निव्वळ चरबी आहे आणि खाली अख्खं तळं.

आणखी एक गोष्ट नमुने निवडताना पाहावी लागते. पाणकावळा उडतो. त्याच्या अंगातलं विष याच दलदलीतल्या माशांतून आलं, हे आपण गृहीत धरतो. तो महिनाभर दुसरीकडे चरत असेल तर भागाकार दोन असंबद्ध आकड्यांचा होतो. म्हणून घरट्यातली पिल्लं किंवा अंडी जास्त भरवशाची.

शेवटी, हे सगळं गणित कोणत्या औषधाला लागू पडतं ते आधी तपासा. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होतं. ते पाण्यात सहज विरघळतं, लवकर मोडतं आणि चरबीत साठत नाही, म्हणून त्याचं अन्नसाखळीत विशालन होत नाही. ते मज्जासंस्थेवर काही तासांत घाला घालतं. पहिल्या प्रकरणातला तक्ता म्हणूनच औषधांच्या दोन गुणधर्मांचा आहे: चरबीतली विद्राव्यता आणि मोडायला लागणारा काळ. भागाकार त्यानंतरच्या प्रकरणात आहेत.