बावीस अक्षरं आणि दहा रिकाम्या मात्रा

धरमपेठेतल्या कुठल्याही भजनी मंडळात एक गोष्ट दिसते. वीसेक बायका बसलेल्या असतात. चारपाच जणींना अभंग पाठ असतो, सातआठ जणी वहीत किंवा मोबाईलवर बघून म्हणतात, आणि उरलेल्यांकडे काहीच नसतं. त्या टाळ्या वाजवत बसतात, पण एक ओळ आली की त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा लागतो. ती ओळ त्यांना कुणी शिकवलेली नसते. दोनदा कानावर पडते आणि तिसऱ्यांदा त्यांची होते.

ही ओळ म्हणजे ध्रुपद. बोलताना काहीजण पालुपद म्हणतात, पण त्या शब्दाला आता कटकटीचा वास लागलाय. तुकारामांच्या गाथेची छापील प्रत उघडली तर बहुतेक अभंगांत दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘॥ध्रु॥’ अशी खूण दिसते. वाचणारा ती सोडून पुढे जातो. गाणाऱ्यासाठी मात्र ती सूचना आहे. इथून पुढे प्रत्येक कडवं संपलं की परत या ओळीवर यायचं. म्हणजे कागदावर दुसरी असलेली ओळ गाताना प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ होते. परंपरेने तुकारामांचे चौदा टाळकरी सांगितले आहेत, आणि मागे उभं राहून ध्रुपद धरणाऱ्याला ध्रुपदकरी हा वेगळा शब्दच आहे. मुख्य गायक नवं कडवं आठवत असतो, तेवढ्या वेळात अभंग जिवंत ठेवायचं काम ध्रुपदकऱ्यांचं.

अशी ओळ कशी घडते हे बघायचं तर आधी मोजणीकडे जावं लागतं. घाबरू नका, मोजणी सोपी आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार तुकडे असतात. पहिले तीन सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. चौथा तोकडा म्हणून परंपरेत याला साडेतीन चरणांचा अभंग म्हणतात. माधव जूलियन, म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’त याला ‘देवद्वार छंद’ असं नाव दिलं. नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की या छंदात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. संस्कृत वृत्तांत कुठलं अक्षर लघु आणि कुठलं गुरू ते ठरलेलं असतं. इथे सगळी अक्षरं सारख्या वजनाची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही बोटांवर मोजता येईल असा हा हिशेब आहे.

आता हे आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर ठेवू. चाली पुष्कळ आहेत, कुणी समेच्या आधी उचलतं, कुणी नंतर. इथे त्यातली सगळ्यात साधी बसण घेतो. एका अक्षराला एक मात्रा. सहा अक्षरांनी सहा मात्रा भरल्या, म्हणजे दोन उरल्या. त्या दोन मात्रा शेवटचं अक्षर लांबवून भरायच्या. असे तीन तुकडे झाले. चौथ्यात चारच अक्षरं, म्हणून चार मात्रा मोकळ्या. बेरीज करून बघा: अक्षरं बावीस, रिकाम्या मात्रा दहा, एकूण बत्तीस. ठेक्याची बरोबर चार आवर्तनं.

माझ्या मते अभंगाचं सगळं इंजिन या दहा रिकाम्या मात्रांत आहे, आणि त्यातही शेवटच्या चार मात्रांत. पहिल्या तीन तुकड्यांनंतर थोडी थोडी विश्रांती मिळते, ती श्वासाला पुरते. शेवटी एकदम दुप्पट जागा मोकळी होते. तिथे मुख्य गायक थांबतो, टाळ तेवढा चालू राहतो, आणि मागच्यांना कळतं की आता आपली पाळी. हात वर करून इशारा करायची गरज पडत नाही. ओळीचा तोकडेपणाच इशारा असतो.

एक अभंग घडवूनच बघू. विषय साधा घेऊ: हातात टाळ नसलेली, शब्द न येणारी बाई. पहिलं कडवं:

नाही टाळ हाती / टाळी तरी आहे /
उभा विठू पाहे / वाट माझी

सहा, सहा, सहा, चार. ‘आहे’ आणि ‘पाहे’ जुळले. पुढचं कडवं ध्रुपदाचं. इथे पहिला मसुदा हमखास असा येतो: ‘म्हणोनिया करा / नामस्मरणाते / तेणे मिळे माते / मोक्षप्राप्ती’. अक्षरं मोजा, चोख आहेत. तरी हे ध्रुपद पडणार, आणि दोन ठिकाणी पडणार.

पहिली अडचण ‘म्हणोनिया’ची. ‘म्हणून’ हा शब्द मागच्या वाक्याला बांधलेला असतो. पहिल्या कडव्यानंतर तो कसाबसा चालेल, पण तिसऱ्या-चौथ्या कडव्यात वेगळंच काही सांगितलं असेल तर ‘म्हणून’ कशाचं म्हणून? ध्रुपद हे स्वतःच्या पायांवर उभं राहणारं पूर्ण वाक्य हवं. कुठल्याही कडव्याच्या मागे लावलं तरी अर्थ लागला पाहिजे. दुसरी अडचण ‘मोक्षप्राप्ती’ची. हिशेबाने चार अक्षरं, पण ‘क्ष’, ‘प्रा’, ‘प्ती’ अशी जोडाक्षरं ओळीनं आली आहेत. संथ लयीत ती निघतात. लय दुगुणीत गेली की ‘मोक्सपापती’ असं काहीतरी ऐकू येतं, आणि मागच्या रांगेतल्या बायका तोंड मिटून नुसत्या टाळ्या वाजवू लागतात. चूक ओळखायची खूण हीच आहे. ध्रुपदावर आवाज वाढायच्या ऐवजी कमी झाला, तर दोष गाणाऱ्यांत शोधू नये, ओळीत शोधावा.

बदलून असं करू:

एक म्हणे ओळ / दुजा तीच बोले /
नाम पुढे चाले / हातोहाती

‘बोले’ आणि ‘चाले’चं यमक सैल आहे. अभंगात तेवढं चालतं, गझलेत चाललं नसतं. ‘हातोहाती’त एकही जोडाक्षर नाही आणि शेवट ‘ई’वर होतो. ई किंवा आ वर आवाज मोकळा राहतो, हवा तेवढा लांबवता येतो.

तिसऱ्या कडव्यात शब्दांच्या जागेचा प्रश्न येतो. ‘हरवले शब्द / विसरले सूर / भक्तीचा हा पूर / अडेचि ना’ असं पहिल्यांदा सुचलं. वाचायला बरं आहे. पण सहावं अक्षर ‘ब्द’, आणि नेमकं तेच आपल्याला तीन मात्रा ताणायचं आहे. ‘शब्दऽऽ’ ताणून बघा, घसा अडतो. शब्द उलटे केले की झालं: ‘शब्द हरवले / विसरले सूर’. अक्षरं तितकीच राहिली, जोडाक्षर मधल्या मात्रेवर गेलं आणि ताणायला ‘ले’ मिळालं. ‘सूर’ आणि ‘पूर’मधला ‘र’ मात्र त्रास देत नाही. बोलताना आपण त्याचा अ गिळतो, गाताना तो ‘रऽऽ’ असा पूर्ण उमटतो.

हा गिळलेला अ परत मिळण्याचा प्रकार शेवटच्या कडव्यात मजेदार होतो:

धरमपेठेत / दिवेलागणीला /
मेळा हा जमला / तुझ्या दारी

ऑटोवाल्याला आपण ‘धरम्पेठेत’ सांगतो. तोंडात चारच ठोके येतात: ध, रम्, पे, ठेत्. अभंगात तोच शब्द ध-र-म-पे-ठे-त असा सहा मात्रा घेतो. नवीन लिहिणारे इथे फसतात. ते बोलण्यातले ठोके मोजतात आणि मग चालीवर ओळ लांब का होते ते कळत नाही. जुन्या अभंगांत हे अ टिकले आहेत, म्हणून ते गाताना भाषा किंचित जुनी वाटते. शेवटच्या कडव्यात एरवी कवीचं नाव येतं. आपल्या अभंगाला एक कवी नाही, म्हणून वस्तीचं नाव घातलं.

ठेक्याबद्दल एकच सांगतो. भजन संथ सुरू होतं आणि चढत जातं, पण कडव्याच्या मध्ये लय वाढवायची नाही. वाढ ध्रुपदात करायची, कारण ती ओळ सगळ्यांना येते. अनोळखी कडव्यात लय पळाली की अर्धे मागे राहतात आणि टाळ फुटतो, म्हणजे दोन बाजूंचे टाळ वेगवेगळ्या क्षणी वाजू लागतात.

आता हीच गोष्ट एका माणसाने कशी वापरली ते पाहू. धरमपेठेतून अमरावती रस्त्याला लागलं की विद्यापीठाचा परिसर येतो. 2005 पासून त्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. तोच रस्ता पुढे मोझरीला जातो, जिथे 1935 मध्ये त्यांनी गुरुकुंज आश्रम सुरू केला. तुकडोजी 1909 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले. मूळ नाव माणिक. त्यांची सगळी भजनं अभंग नाहीत, बरीचशी निरनिराळ्या चालींवरची पदं आहेत, मराठीत आणि हिंदीतही. पण गर्दीला एका ओळीवर परत आणायचं तंत्र तेच आहे.

त्यांनी वाद्य बदललं. वारकरी भजनात लय पखवाजाकडे असते. पखवाज जड, त्याला धूमेवर कणीक लावायची, सूर जुळवायचा, आणि तो वाजवायला शिकलेला माणूस हवा. तुकडोजींच्या हातात खंजिरी होती. लाकडी कडं, एका बाजूला कातडं, कडेला झांजा, एका हातात मावणारी. हा फरक नुसता सोयीचा नव्हता. पखवाज असला की गाणारा वेगळा आणि लय धरणारा वेगळा. खंजिरी असली की दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात. त्याला वाटेल तिथे तो हात थांबवू शकतो, त्या रिकाम्या मात्रांत दोन वाक्यं बोलू शकतो, आणि पुन्हा थाप मारून सगळ्यांना ध्रुपदावर घेऊ शकतो. गावाची सफाई, दारू, अस्पृश्यता हे विषय असे भजनात आले. पत्रक छापलं तर ते जप्त करता येतं आणि भाषण ठरवलं तर त्यावर बंदी घालता येते. पण शेकडो माणसं जी ओळ म्हणत घरी गेली ती कुठून जप्त करणार? सरकारने मग माणसालाच उचललं. 1942 च्या ऑगस्टमध्ये तुकडोजींना अटक झाली, आणि त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं.

त्याच्या अर्धशतक आधी पुण्यात जोतीराव फुल्यांनी अभंगाचाच साचा घेऊन त्याला ‘अखंड’ असं नाव दिलं होतं. देव बदलला, पुरोहितावर टीका आली, पण अभंगासारखी शेवटी नाव घालायची पद्धत त्यांनी राखली. विठ्ठल न मानणाऱ्यालाही हा साचा टाकवला नाही.

आमच्या अभंगाचं एक काम अजून बाकी आहे. ‘मेळा हा जमला’ दुगुणीत म्हणताना ‘हा’ निसटतो आणि पाचच अक्षरं उरतात. ‘जमलासे मेळा’ करून पाहिलं, अक्षरं सहा भरली, पण मग ‘दिवेलागणीला’शी यमक तुटतं. कुणाला जमलं तर बघा.