वय नव्हे, उत्तरामागील कारण निर्णायक

शिक्षक पात्रता परीक्षेत जाँ पियाजे यांच्या बोधात्मक विकासाच्या अवस्थांवर उपयोजनात्मक प्रश्न येतात. उदाहरणार्थ, सात वर्षांच्या मुलीसमोर रुंद पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले असता ‘पाणी वाढले’, असे ती म्हणते. तिची अवस्था कोणती?

सात ते अकरा वर्षे म्हणजे मूर्त क्रियात्मक, हे पाठांतर येथे फसवते. मुलीचे लक्ष केवळ उंचीवर खिळले आहे. कमी झालेली रुंदी ती विचारात घेत नाही. म्हणून तिची विचारपद्धती पूर्वक्रियात्मक ठरते. ‘परत ओतले तर पहिल्याइतकेच भरेल’, असे कारण तिने दिले असते, तर मूर्त क्रियात्मक हा पर्याय योग्य होता. पियाजे यांनी क्रम निश्चित मानला, वयोमर्यादा मात्र ढोबळच. वजनाबाबतची हीच समज तर सहसा आणखी उशिरा येते.