पेंग्विनचा रबरी शिक्का आणि शीर्षकांची कुजबुज (थ्रेड)

१/ १९४७ साली इंग्लंडच्या पेंग्विन प्रकाशनात यान चिखोल्ट हा जर्मन मुद्रणकार रुजू झाला. तेथे त्याने एक रबरी शिक्का तयार करवून घेतला. छापखान्यातून आलेल्या मुद्रितांवर तो एकच सूचना उमटवी: अक्षरांमधील अंतर मोजपट्टीने नव्हे, डोळ्यांना भासते त्याप्रमाणे समान करावे.

२/ हा माणूस मूळचा बंडखोर. १९२८ साली ‘नवी टायपोग्राफी’ हा ग्रंथ लिहून त्याने जुन्या मांडणीवर हल्ला चढवला होता. १९३३ मध्ये नाझींनी त्याला अटक केली. सुटकेनंतर तो सहकुटुंब स्वित्झर्लंडला गेला. पेंग्विनचे संस्थापक ॲलन लेन यांनी त्याला बोलावले, तोवर त्याचे लक्ष अभिजात मांडणीकडे वळले होते.

३/ पेंग्विनची पुस्तके अनेक छापखान्यांत छापली जात आणि प्रत्येकाची रीत निराळी असे. चिखोल्टने सर्वांसाठी चार पानांची नियमावली काढली. कॅपिटल अक्षरांत जुळवलेल्या मजकुरात अक्षरांमध्ये अंतर सोडलेच पाहिजे, हा तिच्यातील एक नियम.

४/ या नियमामागचे कारण अक्षरांच्या घडणीत आहे. रोमन लिपीतील कॅपिटल अक्षर बहुधा शब्दाच्या आरंभी येते आणि त्याच्या शेजारी लहान अक्षरे बसतात. त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा त्या शेजाराला साजेशी असते. सगळीच कॅपिटल अक्षरे एका ओळीत आली की ती जागा अपुरी पडते. ओळ दाटते आणि शीर्षक ओरडल्यासारखे वाटते.

५/ मात्र सर्वत्र सारखे अंतर घालूनही काम भागत नाही. ‘इलियड’ हे नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पाहावे: आय, एल, आय, ए, डी. पहिल्या आय आणि एल यांचे सरळ दांडे समोरासमोर येतात, म्हणून ती जोडी चिकटलेली भासते. एलच्या उजवीकडे मात्र वरची सारी जागा रिकामी असते, त्यामुळे त्यापुढे खिंडार पडते. सारखे अंतर ठेवल्यास पहिली दोन अक्षरे एकीकडे आणि उरलेली तीन दुसरीकडे, असा एक शब्द दुभंगतो.

६/ समजा, हे नाव २४ पॉइंट आकारात जुळवायचे आहे. आय आणि एल यांच्यामध्ये ३ पॉइंट, एल आणि पुढच्या आय यांच्यामध्ये १ पॉइंट आणि उरलेल्या दोन जागी २ पॉइंट, अशी सुरुवात करता येते. पुढे टंकाच्या घडणीनुसार डोळ्यांनीच दुरुस्ती करायची. खिळ्यांच्या जुळणीत हे काम धातूच्या पातळ पट्ट्या हाताने सरकवून होई.

७/ चिखोल्टचा खरा संघर्ष येथेच झाला. त्याने पुढे नोंदवल्याप्रमाणे शिक्क्याकडे साफ दुर्लक्ष झाले. शीर्षकपृष्ठावरील कॅपिटल अक्षरांत कंपोझिटर सारख्याच जाडीच्या पट्ट्या घालत राहिले. सारखी पट्टी घालणे झटपट होई. प्रत्येक जोडी तपासण्यात वेळ जाई, आणि वेळ म्हणजे मजुरी.

८/ जुळणी फसली आहे का, हे ओळखायला सोपी रीत आहे. शीर्षक उलटे धरून डोळे किलकिले करावेत. शब्द वाचता येईनासा झाला की डाग आणि भगदाडे दिसू लागतात. अंतर अति झाले असेल, तर शब्द विरतो आणि सुटी अक्षरे उरतात. सर्वसाधारणपणे आकाराच्या ५ ते १० टक्के अंतर पुरते. संगणकावर त्याची आज्ञा अशी:

```
letter-spacing: 0.08em;
```

ही आज्ञा मात्र सर्व जोड्यांना सारखेच अंतर देते. मोठ्या शीर्षकात अवघड जोड्या हातानेच सुधाराव्या लागतात.

९/ वजनाचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. ठळक अक्षराचे दांडे जाड असतात आणि त्याच्या आतली पांढरी जागा आक्रसते. अशा अक्षरांभोवती मोकळे अंतर सोडले, तर काळे ठोकळे ओळीने मांडल्यासारखे दिसतात. अंतर दिलेल्या कॅपिटल अक्षरांना साधे वजन आणि थोडा लहान आकार शोभतो. शीर्षक मजकुरापासून वेगळे करण्याचे काम भोवतीची पांढरी जागा करते. ठळकपणाची तेथे गरज उरत नाही.

१०/ हे तंत्र देवनागरीवर जसेच्या तसे लादता येत नाही. आपल्याकडे कॅपिटल अक्षरे नाहीत आणि शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो. अक्षरे दूर सारली की ती रेषा तुटते. मराठी शीर्षकाला सौम्यता द्यायची, तर आकार, वजन आणि भोवतीची मोकळी जागा हीच साधने हाती राहतात.

११/ १९४९ च्या अखेरीस चिखोल्ट स्वित्झर्लंडला परतला आणि हान्स श्मोलर यांनी त्याची जागा घेतली. दोन-अडीच वर्षांत पाचशेहून अधिक पुस्तके चिखोल्टच्या हाताखालून गेली होती. त्या काळातील पेंग्विनचे एखादे शीर्षकपृष्ठ हाती आले, तर त्यावरील कॅपिटल अक्षरांच्या जोड्या तपासाव्यात. कोणत्या छापखान्याने शिक्का मानला आणि कोणी नाही, ते तेथेच कळते.