ध्वजस्तंभ आणि झेंडूच्या माळा

व्हाइटफील्डमधील आमच्या वसाहतीत एका प्रजासत्ताक दिनी आम्ही हौसेने ध्वजस्तंभालाच झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. एका वडीलधाऱ्या सभासदांनी त्या उतरवावयास लावल्या. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या या ध्वजाची नवी संहिता २६ जानेवारी २००२ पासून अमलात आली. तीनुसार स्तंभावर फुले वा हार ठेवता येत नाहीत, ध्वजाचे तोरणही करता येत नाही. मात्र फडकविण्यापूर्वी त्यात पाकळ्या ठेवण्यास मुभा आहे.

तेव्हापासून माळा प्रवेशद्वारी बांधतो, केशरी, पांढऱ्या व हिरव्या सुट्या पताका चक्राविना आवारात लावतो. घडीत मूठभर कोरड्या पाकळ्याच ठेवतो. ओल्या कापडाला चिकटतात. दोर ओढताच त्या खाली झरतात, आणि स्तंभ मोकळाच राहतो.