'क्रिटिकल चेन' म्हणजे काय? ती 'क्रिटिकल पाथ'पेक्षा वेगळी कशी?

दुकानाचं नूतनीकरण करायचं आहे आणि दसऱ्याला उद्घाटन ठरलं आहे. कागदावर २२ दिवसांचं वेळापत्रक तयार आहे. तरीही काम लांबणार हे पहिल्या दिवशीच सांगता येतं, कारण इलेक्ट्रिशियन एकच आहे आणि तो एकाच वेळी दोन ठिकाणी लागणार आहे.

ही अडचण क्रिटिकल पाथ आणि क्रिटिकल चेन या दोन्ही पद्धती वेगवेगळ्या प्रकारे हाताळतात.

क्रिटिकल पाथ काय सांगतो?

ही पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांमध्ये तयार झाली. कोणतं काम कशानंतर होऊ शकतं, याची साखळी मांडायची आणि त्यातला सर्वात लांब मार्ग शोधायचा, ही तिची मूळ कल्पना.

आपल्या दुकानात पार्टिशनची भिंत ६ दिवस, मग आतलं वायरिंग ८, रंगकाम ४ आणि शेवटची मांडणी ४ दिवस घेते. हा मार्ग २२ दिवसांचा. दुसरीकडे बाहेरच्या बोर्डाचा सांगाडा ६ दिवस, त्याचं वायरिंग ८ आणि मग तीच मांडणी ४ दिवस. हा मार्ग १८ दिवसांचा, म्हणजे इथे ४ दिवसांची सवड दिसते.

पण दोन्ही वायरिंग सातव्या ते चौदाव्या दिवसातच येतात. एका इलेक्ट्रिशियनला ते जमणार नाही. आधी आतलं आणि मग बोर्डाचं वायरिंग केलं, तर ते २२व्या दिवशी संपेल आणि मांडणी २६व्या दिवशी. आधी बोर्ड घेतला, तर हाच आकडा ३० होतो. म्हणून पहिला क्रम बरा.

मग क्रिटिकल चेन कुठे आली?

इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ साली 'क्रिटिकल चेन' या पुस्तकातून ही पद्धत मांडली. यात कामांचा क्रम आणि माणसांची उपलब्धता दोन्ही धरून सर्वात लांब साखळी शोधली जाते. इथे ती भिंत, आतलं वायरिंग, बोर्डाचं वायरिंग आणि मांडणी अशी होते. रंगकाम साखळीबाहेर जातं.

क्रिटिकल पाथचं सॉफ्टवेअरही माणसांची टक्कर सोडवून २६ दिवसांपर्यंत पोहोचू शकतं. खरा फरक पुढे आहे.

बफर कसा ठरतो?

वायरिंगला ८ दिवस सांगताना इलेक्ट्रिशियनने अडचणींसाठी जादा दिवस धरलेले असतात. गोल्डरॅट यांच्या मते हे दिवस वाया जातात. वेळ आहे म्हणून काम उशिरा सुरू होतं, आणि लवकर संपलं तरी पुढचा माणूस तयार नसतो.

म्हणून प्रत्येक अंदाज निम्मा करायचा. साखळी ३, ४, ४ आणि २ अशी १३ दिवसांची होते. मग तिच्या सुमारे निम्मे, म्हणजे ७ दिवस सगळ्यात शेवटी एकत्र ठेवायचे. हा प्रोजेक्ट बफर. एकूण २० दिवस. सगळ्याच कामांना एकदम उशीर होत नाही, म्हणून एकत्र ठेवलेले कमी दिवस पुरतात.

सांगाडा आणि रंगकाम साखळीला जिथे मिळतात, तिथे छोटे फीडिंग बफर असतात. सांगाड्याला २ दिवस, रंगाला १. तिथला उशीर मुख्य साखळीला लागू नये, हा हेतू. इलेक्ट्रिशियनला मात्र आधीच सूचना दिली जाते, की 'दोन दिवसांत तुमची पाळी.' याला रिसोर्स बफर म्हणतात. त्यात दिवस वाढत नाहीत.

काम बिघडतंय हे कसं ओळखायचं?

समजा, आतल्या वायरिंगला ४ऐवजी ६ दिवस लागले. तोवर साखळीचं १३पैकी ७ दिवसांचं काम, म्हणजे ५४ टक्के झालं आणि ७ दिवसांच्या बफरमधले २ दिवस, म्हणजे २९ टक्के खर्च झाले. काळजीचं कारण नाही. पण त्याच वायरिंगला ९ दिवस लागले असते, तर बफर ७१ टक्के संपला असता. तेव्हा दुसरा इलेक्ट्रिशियन शोधायला हवा.

मर्यादा कोणत्या?

'निम्मे करा' हा ठोकताळा आहे. काँक्रीटवर पाणी मारण्याचे दिवस निम्मे होत नाहीत. अंदाज कापले जाणार हे कळलं, की माणसं आधीच दुप्पट सांगू लागतात. आणि निम्म्या दिवसांत काम न झाल्याबद्दल मालक ओरडू लागला, तर पद्धतच कोलमडते. कारण ती मुदत साधारण निम्म्या वेळा चुकणारच असते. पाळायची तारीख एकच, बफरच्या शेवटची.