केशरीला पोवळं म्हणणारं गणित

आजच्या भागात एकच आकडा घेऊन बसणार आहोत: #FF9933. वेबवर केशरी रंग हवा असला की बहुतेक लोक हाच कोड टाकतात. तुम्हीही कधीतरी एखाद्या पोस्टरसाठी टाकला असेल.

प्रश्न साधा आहे. हा कोड कॉम्प्युटरला दिला आणि 'याच्या सर्वात जवळचं नाव सांग' म्हटलं, तर तो काय सांगेल? नावं कुठली, तर वेबपेज बनवताना चालणारी red, orange, coral वगैरे. अशी शंभराहून जास्त नावं आहेत, आणि त्यांत केशरी नाही. म्हणजे जवळचं नाव शोधणं आलंच.

माझा मामेभाऊ रंगांध आहे. दुकानात फोनचा कॅमेरा कापडावर धरतो, आणि अ‍ॅप जे नाव वाचून दाखवेल त्यावर विश्वास ठेवतो. त्याच्यासाठी हे नाव म्हणजेच रंग.

आता सोपा रस्ता बघू. FF म्हणजे 255, 99 म्हणजे 153, 33 म्हणजे 51. लाल, हिरवा, निळा. यादीतल्या प्रत्येक नावाचेही असे तीन आकडे असतात. फरक काढायचे, त्यांचे वर्ग करायचे, बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. शाळेतलं दोन बिंदूंमधलं अंतर. हे केलं की पहिला नंबर coral चा येतो, अंतर साधारण 39. coral म्हणजे पोवळं, गुलाबीकडे झुकलेला रंग. darkorange पाचव्या नंबरावर, 52.6 वर. दोन्ही रंग स्क्रीनवर शेजारी ठेवून बघा. केशरीच्या जवळचा कुठला, हे कोणीही सांगेल.

चूक कुठे झाली? darkorange मध्ये निळा शून्य आहे, आपल्या केशरीत 51. या गणिताला तो 51 चा फरक फार मोठा वाटतो. पण कोडमधला 51 हा प्रत्यक्ष उजेड मोजला तर पूर्ण निळ्याच्या जेमतेम 3 टक्के भरतो, आणि डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणात निळ्याचा वाटा मुळात 7 टक्क्यांच्या आसपास. उलट coral मध्ये हिरवा 153 वरून 127 वर येतो. आकड्यात फक्त 26, पण हिरवा उजेड एक तृतीयांशाने कमी झाला, आणि उजळपणात हिरव्याचाच वाटा सर्वात मोठा. गणिताने तिन्ही आकड्यांना समान मान दिला, डोळा देत नाही.

डोळा कशाला किती मान देतो हे मोजायला कोणीतरी माणूसच बसवावा लागतो. 1942 साली डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी तसंच केलं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात, कोडॅक कंपनीत. निरीक्षकासमोर दोन रंग, उजळपणा सारखा. एक रंग पक्का, दुसरा त्याने फिरवत फिरवत पहिल्याशी जुळवायचा. पुन्हा पुन्हा. एकाच माणसाकडून अशा 25,000 हून जास्त जुळण्या करून घेतल्या. शोधनिबंधात त्याची फक्त आद्याक्षरं येतात, PGN. मला या माणसाची फार गंमत वाटते.

जुळवताना दर वेळी थोडी चूक व्हायची. त्या चुका नकाशावर मांडल्या तेव्हा 25 लंबवर्तुळं मिळाली. डोळ्याची जाणीव सगळीकडे सारखी असती तर ती सगळी एकाच मापाची वर्तुळं आली असती. आली मात्र हिरव्या भागात मोठी, निळ्या भागात अगदी बारीक. म्हणजे त्या नकाशावर अंतर मोजायची पट्टी जागोजागी बदलत होती.

मग पुढची तीसेक वर्षं हा नकाशा ताणून-दाबून सरळ करायचे प्रयत्न चालले. 1976 मध्ये सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने लॅब नावाची मांडणी ठरवली. त्यातही तीनच आकडे: L म्हणजे उजळपणा, a म्हणजे हिरव्याकडून लालकडे, b म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. अंतराचं सूत्र तेच, शाळेतलं:

```
ΔE = √(ΔL² + Δa² + Δb²)
```

आपला केशरी इथे येतो 72.4, 31.0, 65.7. darkorange येतो 69.5, 36.8, 75.5. अंतर 11.7, आणि हा पहिला नंबर. orange दुसरा, 15.2 वर. coral जातो जवळजवळ 24 वर. पोवळं गेलं!

पण 11.7 हा आकडा जरा खटकतो. शेजारी ठेवलेल्या रंगांत दोनेक एककांचा फरकही डोळ्याला कळतो म्हणतात, मग हे दोन केशरी-नारिंगी इतके लांब कसे? हीच तक्रार सूतवाल्यांची होती. स्कॉटलंडची जे. अँड पी. कोट्स ही शिवणदोऱ्याची कंपनी. साडीला फॉल लावताना आपण रीळ साडीवर धरून 'चालेल का गं?' विचारतो ना, तोच निर्णय तिथे रोज, पगारी माणसं घ्यायची: पास की नापास. त्यांचे निर्णय लॅबच्या अंतराशी जुळवून पाहिले, तेव्हा दिसलं की भडक रंगांत लॅब फरक फुगवून सांगते. रंग थोडा कमी-जास्त भडक असला तर माणूस चालवून घेतो, पण रंगाची जात बदलली की लगेच नापास करतो. या कामातून आधी ब्रिटनमध्ये, 1984 साली, सीएमसी हे सूत्र आलं, आणि त्याच वाटेने पुढे 2001 मध्ये सीआयईचं CIEDE2000.

त्याने मोजलं तर darkorange साधारण साडेतीनवर येतो. coral चौदाच्या आसपास. आणि मधे एक बदल होतो: दुसरा नंबर orange कडून sandybrown कडे जातो, साडेपाच विरुद्ध सव्वासात. sandybrown म्हणजे केशरीचाच फिका भाऊ, जात तीच, भडकपणा कमी. orange पिवळ्याकडे सरकलेला. सूतवाल्यांनीही हाच क्रम लावला असता, असं मला वाटतं.

सूत्र कितीही चांगलं असो, यादी वाईट असेल तर इलाज नाही. वेबच्या यादीत darkgray हा gray पेक्षा उजळ आहे! gray चा आकडा 128, darkgray चा 169. दोन वेगवेगळ्या जुन्या याद्या एकत्र केल्या, त्याचं हे फळ. मामेभावाला अ‍ॅप 'डार्क ग्रे' म्हणालं तर शर्ट गडद असेलच असं नाही. शिवाय 'सर्वात जवळचं' नाव नेहमीच मिळतं, ते कितीही लांब असलं तरी. म्हणून नावासोबत अंतर दाखवणारं अ‍ॅप मी जास्त प्रामाणिक मानतो.

तुमच्यापैकी कोणी हे स्वतः लिहून बघणार असाल तर एक सांगतो. CIEDE2000 मध्ये रंगाची जात कोनात मोजतात, आणि दोन कोनांची सरासरी घ्यावी लागते. 358 अंश आणि 2 अंश यांची सरासरी 0 यायला हवी. साध्या बेरजेने 180 येते, म्हणजे गुलाबीच्या जोडीला हिरव्याचं माप लागतं आणि फरक फुगतो. 2005 मध्ये गौरव शर्मा आणि दोन सहकाऱ्यांनी उत्तरांसकट 34 रंगजोड्या छापल्या, त्या खास असल्या चुका पकडायलाच. तुमचा कोड त्या सगळ्यांवर चालवा, उत्तरं चार दशांशस्थळांपर्यंत जुळली पाहिजेत. फक्त केशरीवर तपासलंत तर हा घोटाळा दिसणारच नाही. तो दिसतो गुलाबीवर.